साध्या कागदावरचा करार, व्हॉट्सअ‍ॅपवरचं "हो चालेल" आणि "आय अ‍ॅग्री"चं बटण : यातलं काय चालतं, काय नाही?



स्टॅम्प पेपरवरच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच होता. "सर, आम्ही तर साध्या कागदावर लिहून घेतलंय, मग ते फुकट गेलं का?" व्हिडिओत दहा मिनिटांत सगळं बसत नाही, म्हणून हा लेख.

आमच्या एका शिबिराला आलेल्या ताईंची गोष्ट घेऊन बोलू. त्या शिवणकाम करतात, घरी चार मशिनी आहेत. शाळा सुरू होण्याआधी एका गणवेशाच्या दुकानदाराने त्यांना काम दिलं. कापड, बटणं, दोरा सगळं दुकानदाराचं आणि शिलाई ताईंची. ६०० गणवेश, नगाला १४० रुपये, म्हणजे एकूण ८४,००० रुपये. २०,००० आगाऊ मिळाले. बाकीचे ६४,००० माल पोचल्यावर ३० दिवसांत द्यायचे ठरलं. हे सगळं दोघांनी वहीच्या एका पानावर लिहिलं, खाली तारीख टाकली आणि सह्या केल्या.

ताईंनी वेळेत काम दिलं. पैसे मात्र आले नाहीत. दोन महिने "पुढच्या आठवड्यात बघू" चाललं, आणि शेवटी दुकानदार म्हणाला, "ताई, हा वहीचा कागद आहे. कोर्टात याला कोण विचारतंय?"

ताईंना ते खरं वाटलं. तुम्हालाही वाटलं असतं. पण ते खरं नाही.

करार "होतो" कशाने?

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या कलम १० मध्ये करार कधी होतो ते सांगितलंय. दोन्ही माणसं करार करायला पात्र हवीत, म्हणजे वय १८ पूर्ण आणि मानसिक अवस्था ठीक. संमती मनापासूनची हवी, धाकाने किंवा फसवून घेतलेली नको. दोन्हीकडून काहीतरी देणं-घेणं हवं; इथे एकाची मेहनत आणि दुसऱ्याचे पैसे. आणि काम कायदेशीर हवं. बस्स.

यात कुठेही "स्टॅम्प पेपर" हा शब्द नाही. "टाइप केलेलं", "नोटरी", "दोन साक्षीदार" हेही नाही. काही ठरावीक व्यवहारांना दुसरे कायदे लेखी कागद किंवा नोंदणी मागतात, ते पुढे बघू. पण शिलाईचं काम, डबे पोचवणं, फोटोग्राफी, दुकानाचे हिशेब लिहून देणं अशा रोजच्या धंद्याच्या कामांसाठी तोंडी ठरलेलंही करारच असतं. मग वहीच्या पानावर सही करून ठरलेलं का नसेल?

तोंडी कराराची अडचण वेगळी आहे. तो झाला होता हे दाखवायचं कशावरून? म्हणून या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा : करार वैध असणं वेगळं आणि तो सिद्ध करता येणं वेगळं. कागद, मेसेज आणि क्लिक या तिन्हींमध्ये खरी भांडणं बहुतेक दुसऱ्या गोष्टीवर होतात.

मग स्टॅम्प पेपर कशाला असतो?

स्टॅम्प पेपर म्हणजे सरकारला दिलेला कर, म्हणजे मुद्रांक शुल्क. त्याने करारात जीव येत नाही. पण शुल्क भरायला हवं होतं आणि भरलं नाही, तर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे तो कागद पुरावा म्हणून कोर्टात वाचता येत नाही. दुकानदाराच्या बोलण्यात तथ्य होतं ते एवढंच.

आता पुढचा भाग नीट वाचा, कारण हा फारसा कोणी सांगत नाही. ही चूक दुरुस्त होते. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने लवादाच्या कराराबाबत निकाल देताना स्पष्ट केलं की मुद्रांक नसलेला कागद रद्दबातल ठरत नाही. तो शुल्क भरेपर्यंत फक्त पुराव्यात घेता येत नाही. राहिलेलं शुल्क आणि दंड भरला की तोच कागद पुढे येऊ शकतो.

दंड किती? महाराष्ट्रात कमी भरलेल्या शुल्कावर दर महिन्याला २ टक्के, आणि त्यालाही कायद्याने कमाल मर्यादा घातलेली आहे. ताईंच्या कागदाचं गणित करू. १४ ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात अनेक साध्या कागदांसाठी १०० रुपयांच्या जागी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. आपणही ५०० धरू. समजा कागदाला २० महिने झाले. ५०० चे २ टक्के म्हणजे महिन्याला १० रुपये, २० महिन्यांचे २००. शुल्क आणि दंड मिळून ७०० रुपये. ६४,००० रुपयांच्या येण्यासमोर ही अडचण केवढी आहे ते तुम्हीच बघा.

मोठ्या रकमेच्या कराराला शुल्क रकमेच्या प्रमाणात वाढतं आणि कागदाच्या प्रकाराप्रमाणे बदलतं. शंका असेल तर मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. तिथे कागद दाखवून किती शुल्क लागतं ते अधिकृतपणे ठरवूनही घेता येतं.

दोन चुका मात्र करू नका. एक, भांडण सुरू झाल्यावर जुन्या तारखेचा स्टॅम्प पेपर शोधत फिरू नका. "मिळवून देतो" म्हणणारा माणूस तुम्हाला खोट्या कागदाच्या गुन्ह्यात अडकवतोय. सरळ दंड भरणं स्वस्त आहे. दोन, पुढे लागेल म्हणून कोरे स्टॅम्प पेपर घेऊन ठेवू नका. महाराष्ट्रात ते खरेदीपासून सहा महिन्यांत वापरावे लागतात.

आणि नोटरी? नोटरीचा शिक्का सांगतो की या माणसाने माझ्यासमोर सही केली. "ही सही माझी नाही" असं म्हणणं त्याने अवघड होतं, एवढा फायदा नक्की आहे. पण नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, आणि नोटरी केल्याने मुद्रांक शुल्कही माफ होत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेलं

आता गोष्टीचा दुसरा भाग. काम अर्ध्यावर असताना दुकानदाराचा मेसेज आला : "२०० शर्टांना आतून एक जादा खिसा लावा." ताईंनी उत्तर दिलं : "लावते, पण खिशाचे वेगळे पैसे होतील." त्याने लिहिलं : "हो चालेल." ताईंच्या मनात नगाला २० रुपये होते, म्हणजे ४,००० रुपये.

हा करार झाला का? मेसेजवर झाला म्हणून बाद होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये नंतर कलम १०अ घातलं गेलं. प्रस्ताव किंवा होकार इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिला, एवढ्याच कारणावरून करार नाकारता येणार नाही, असं ते सांगतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता या प्रकरणात ईमेलवरून ठरलेला मोठा खनिज व्यवहार पक्का करार मानला होता, आणि त्यात दोघांच्या सह्यांचा औपचारिक कागद झालेलाच नव्हता. तत्त्व तेच. महत्त्वाच्या अटी ठरल्या आणि होकार मिळाला, की "सही व्हायची राहिली होती" हे सांगून सुटता येत नाही.

पण ताईंचे ते ४,००० रुपये अडकलेच. कारण मेसेजमध्ये आकडा नव्हता. "वेगळे पैसे" म्हणजे किती? पाच रुपये की पन्नास? करार कायद्याच्या कलम २९ प्रमाणे ज्याचा अर्थ नक्की करता येत नाही ते ठरलेलं टिकत नाही. जादा काम केल्याचा वाजवी मोबदला मागता येतो, पण मग "वाजवी किती" यावर भांडायला बसावं लागतं. तुम्ही मेसेजवर काम घेत असाल तर हा धडा पक्का करा. ताईंनी एवढं लिहायला हवं होतं :

> २०० शर्टांना जादा खिसा, नगाला २० रुपये, एकूण ४,००० रुपये जादा. ठरलेल्या ८४,००० मध्ये मिळवून आता एकूण ८८,०००. माल २ दिवस उशिरा, म्हणजे १० तारखेला मिळेल. मान्य असल्यास "मान्य" असं लिहून पाठवा.

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. निळ्या टिका म्हणजे मेसेज बघितला, मान्य केला नाही. गप्प बसणं म्हणजे होकार नाही. नमस्काराचा किंवा अंगठ्याचा इमोजी आला तर त्याचा अर्थ काय यावर वाद घालता येतो. "मान्य" या शब्दावर घालता येत नाही. आणि उत्तरात समोरच्याने "मान्य, पण १५ रुपये" लिहिलं, तर तो होकार नाही, ती नवी मागणी आहे. तिला तुम्ही होकार दिल्याशिवाय काहीच ठरलेलं नाही.

उत्तर आलंच नाही, पण मेसेजनंतर त्याने खिशासाठी कापड पाठवलं तर? तर त्याचं वागणंच होकार ठरू शकतं. म्हणून कापडाचं चलन, पोच आणि तारीख जपून ठेवा.

मेसेज कोर्टात दाखवायचा कसा?

इथे सगळ्यात जास्त लोक घसरतात. आपल्याला वाटतं, स्क्रीनशॉट काढला, प्रिंट मारली, झालं. पण प्रिंट ही मूळ वस्तू नाही. मूळ मेसेज फोनमध्ये आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या जालन्याच्या निवडणूक खटल्यात नियम स्पष्ट केला. मूळ उपकरणच कोर्टात हजर करून सिद्ध केलं तर प्रमाणपत्र लागत नाही. प्रिंट किंवा पेनड्राइव्हसारखी प्रत द्यायची असेल तर प्रमाणपत्र लागतंच.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. आता हे प्रमाणपत्र त्याच्या कलम ६३ खाली द्यायचं असतं. त्याचे दोन भाग आहेत. एक भाग तुम्ही भरता, की ही प्रत माझ्या वापरातल्या या फोनमधून काढली आहे आणि फोन नीट चालत होता. दुसरा भाग तज्ज्ञ भरतो. त्यात फाइलची हॅश म्हणून एक लांब आकडा लिहावा लागतो. फाइलमध्ये एक अक्षर जरी बदललं तरी हा आकडा बदलतो, त्यामुळे छेडछाड उघडी पडते. हे सगळं वकील करून घेतील. तुमच्या हातात असलेली गोष्ट म्हणजे मूळ फोन आणि मूळ चॅट जपणं.

त्यासाठी धंद्याच्या चॅटवर आपोआप मेसेज पुसले जाण्याची सोय बंद ठेवा. वाद सुरू झाला की तो फोन विकू नका, रीसेट करू नका. पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर पाठवा, सोयीचे चार स्क्रीनशॉट नकोत. मधले मेसेज गाळले की दुसरी बाजू बरोबर तेच विचारते. आणि मोठी गोष्ट ठरली की त्याच दिवशी ईमेलही करा : "आज आपलं असं असं ठरलं."

ऑनलाइन टाइप केलेला करार

गुगल डॉकवर टाइप करून पीडीएफ पाठवली आणि समोरच्याने ईमेलवर "मान्य आहे" लिहिलं, तर तोही करार आहे. सही हवीच असेल तर आधार ओटीपीने होणाऱ्या ई-सहीला कायद्याची मान्यता आहे. सहीच्या फोटोचं चित्र पीडीएफवर चिकटवलं तर ती कायद्याच्या व्याख्येतली इलेक्ट्रॉनिक सही नव्हे. ते चित्र कोणीही चिकटवू शकतं, म्हणून त्याच्यासोबत आलेला ईमेल हाच तुमचा खरा आधार.

आणि एक गैरसमज काढून टाका. "ऑनलाइन केलं म्हणजे स्टॅम्प लागत नाही" हे महाराष्ट्रात बरोबर नाही. इथल्या मुद्रांक कायद्यात कागदपत्राच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक नोंदही धरलेली आहे.

"आय अ‍ॅग्री"वर क्लिक केलं तेव्हा काय झालं?

या अनुभवानंतर ताईंनी स्वतःचे फ्रॉक ऑनलाइन विकायला घेतले. नोंदणी करताना लांबलचक अटी आल्या, खाली खूण करायची चौकट आली. त्यांनी खूण केली. तुम्हीही केली असती. तीन महिन्यांनी परत आलेल्या मालाचा दुहेरी वाहतूक खर्च त्यांच्या खात्यातून कापला गेला. तक्रार केली तर उत्तर आलं की कापणीविरुद्ध ठरलेल्या दिवसांत तक्रार करायची होती, ती मुदत संपली.

"मी वाचलंच नव्हतं" हे कायद्यात उत्तर नाही. अटी समोर होत्या, वाचायची संधी होती, खूण तुम्ही केली. कलम १०अ इथेही लागू होतं. न वाचता केलेली सही जशी बांधते तसंच न वाचता केलेलं क्लिक बांधतं.

सुटका कधी होऊ शकते? अट दडवून ठेवली होती, फसवून संमती घेतली होती किंवा अट कायद्याच्या विरोधात आहे, तर तिला आव्हान देता येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्यायकारक करारांविरुद्ध दाद आहे, पण ती ग्राहकाला. धंद्यासाठी घेतलेली सेवा सहसा त्यात बसत नाही. फक्त स्वतः राबून पोट भरण्यासाठी केलेला स्वयंरोजगार असेल, तर "मी ग्राहक आहे" असं म्हणायला कायद्यात जागा ठेवलेली आहे. ताईंसारख्यांनी ती वकिलांकडून तपासून घ्यावी.

चाळीस पानं कोणी वाचत नाही, मान्य. म्हणून क्लिक करण्याआधी चार गोष्टी तरी शोधा : पैसे किती दिवसांनी मिळणार, परत आलेल्या मालाचा खर्च कोणाचा, तक्रारीची मुदत किती, आणि वाद कोणत्या शहरात चालणार. सांगलीत बसून बंगळुरूला दावा लढायचा असेल तर १०,००० रुपयांसाठी तुम्ही जाणार नाही, आणि अट लिहिणाऱ्याला हे माहीत असतं. मग त्या दिवशीच्या अटींची पीडीएफ तारीख लिहून जपा. अटी नंतर बदलतात, आणि तुम्ही कोणत्या मान्य केल्या होत्या हे दाखवायची वेळ येते.

साधा कागद कुठे चालत नाही?

धंद्यासाठी गाळा भाड्याने घेताना. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदणीकृतही हवा. नोंदणीची जबाबदारी जागामालकाची आहे. "नोटरी करून टाकू, नोंदणीचा खर्च कशाला" म्हणणाऱ्या मालकाला हे कलम दाखवा. जागेची खरेदीही नोंदणीशिवाय होत नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, पण दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ई-सहीने होत नाही.

पुन्हा ताईंकडे

ताईंकडे काय काय होतं? सह्यांचा मूळ कागद, माल मिळाल्याच्या सह्या असलेली तीन चलनं, २०,००० आल्याची बँकेची नोंद आणि "पुढच्या आठवड्यात देतो" असे मेसेज. या मेसेजांकडे नीट बघा. देणं नाही, असं दुकानदार त्यात कुठेच म्हणत नाही. शिवाय ताईंची उद्यम नोंदणी काम घेण्याआधीची होती. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे अशा छोट्या उद्योगाचे पैसे लेखी ठरलेल्या तारखेला, आणि काहीही झालं तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. लेखी ठरलं नसेल तर १५ दिवसांत. उशिरावर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं.

वकिलांनी हे सगळं जोडून नोटीस पाठवली. मुद्रांकाचा दंड भरायला तयार आहोत, हेही त्यात लिहिलं. कोर्टात जायची वेळ आली नाही. ६४,००० रुपये दोन हप्त्यांत आले. खिशांचे ४,००० आले नाहीत, आणि तेवढ्यासाठी भांडण लांबवायचं नाही असं ताईंनी ठरवलं.

म्हणजे बघा, वहीच्या पानाने ६४,००० मिळवून दिले आणि आकडा नसलेल्या मेसेजने ४,००० घालवले.

असे पैसे अडकले तर बसून राहू नका. साधारणपणे दाव्याची मुदत तीन वर्षं असते.

तुमच्या पुढच्या कामासाठी नमुना

> दिनांक : ____ ठिकाण : ____
> १. काम देणारे : पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल
> २. काम करणारे : पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल, उद्यम क्रमांक
> ३. काम : काय, किती नग, कोणत्या मापाचं
> ४. दर आणि एकूण रक्कम : आकड्यात आणि अक्षरात
> ५. आगाऊ रक्कम : किती, कधी, कशी मिळाली
> ६. माल देण्याची तारीख आणि जागा
> ७. बाकी रक्कम देण्याची तारीख
> ८. जादा काम : दर लेखी किंवा मेसेजवर मान्य झाल्याशिवाय करणार नाही
> ९. दोष असल्यास किती दिवसांत कळवायचं
> दोघांच्या सह्या, प्रत्येक पानावर

दोन प्रती करा, दोन्हींवर दोघांच्या सह्या घ्या आणि एक स्वतःकडे ठेवा. खाडाखोड झाली तर तिच्या शेजारी दोघांनी सही करा. साक्षीदार मिळाला तर उत्तम, नाही मिळाला म्हणून अडत नाही. रक्कम मोठी असेल तर सही करायच्या दिवशीच मुद्रांक घ्या, आणि काही लाखांचं काम असेल तर कागद एकदा वकिलाच्या नजरेखालून घाला.

आठवा कलम सगळ्यांनी लिहाच. ताईंच्या कागदावर बाकी बहुतेक होतं, तेवढं एक नव्हतं.